ब्रेकइव्हन घसरला, पण कशामुळे?

"ब्रेकइव्हन अर्ध्या टक्क्यावर आला, म्हणजे बाजाराला महागाई संपली असंच वाटत होतं ना?"

पूर्ण तसं नाही. ब्रेकइव्हन म्हणजे साध्या सरकारी रोख्याचा परतावा वजा महागाईशी जोडलेल्या रोख्याचा परतावा; त्यावरून बाजाराचा महागाईचा अंदाज काढतात. मार्च २०२० च्या मध्यानंतर अमेरिकेचा १० वर्षांचा साधा रोखा साधारण १.१ टक्के देत होता, तितक्याच मुदतीचा महागाईशी जोडलेला 'टिप्स' ०.६ टक्के. वजाबाकी अर्धा टक्का. पण महिन्याच्या सुरुवातीला टिप्सचा परतावा शून्याखाली होता! सगळ्यांना रोकड हवी होती, टिप्सला गिऱ्हाईक कमी. भाव पडले, परतावा उसळला. त्या आकड्यात महागाईच्या अंदाजाइतकीच विक्रीची घाईही मिसळली होती. म्हणून फरक आटला की आधी बघावं, साध्या रोख्याचा परतावा उतरलाय की टिप्सचा चढलाय. दुसरं असेल तर हा खरंच महागाईचा अंदाज आहे का, अशी मला तरी शंका येते.