टाकलेली सोंगटी काळी होती का?

"बारावीवाल्यांसाठी ट्रिक, पुढे पाठवा. पिशवी क मध्ये 3 पांढऱ्या, 2 काळ्या सोंगट्या. पिशवी ख मध्ये 2 पांढऱ्या, 4 काळ्या. क मधली एक न बघता ख मध्ये टाकली, मग ख मधून एक काढली, ती पांढरी निघाली. टाकलेली सोंगटी काळी असण्याची संभाव्यता किती? उत्तर थेट 2/5. एक, टाकणं आधी झालं आणि काढणं नंतर. नंतरचं आधीच्याला बदलू शकत नाही. दोन, बेजचं सूत्र लावलं तरी 2/5च येतं, करून बघा. तीन, पायऱ्या दाखवायच्याच असतील तर फांदीचा गुणाकार 2/5 × 2/7 = 4/35 लिहा, पुरे."

रामबागेतल्या आमच्या ट्यूशनच्या मुलांच्या ग्रुपवर हे कुठून तरी आलं आणि खाली लगेच "काकू, हे बरोबर आहे का?" असंही आलं. बरोबर नाही. एकाच मेसेजमध्ये 2/5 आणि 4/35 अशी दोन उत्तरं आहेत, इथेच खरं तर थबकायला हवं होतं. पण पहिला मुद्दा भल्याभल्यांना पटतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते.

ख मधल्या दोन्ही पांढऱ्या सोंगट्या काढून ठेवा. आता तिथे फक्त 4 काळ्या आहेत. बाकी सगळं तसंच: क मधली एक न बघता ख मध्ये टाकली, मग ख मधून एक काढली आणि ती पांढरी निघाली. ही पांढरी आली कुठून? क मधूनच, दुसरीकडून यायला जागाच नाही. म्हणजे टाकलेली सोंगटी काळी असण्याची संभाव्यता शून्य. मेसेजचा नियम मात्र इथेही 2/5च म्हणेल, कारण त्याला नंतर काय निघालं याच्याशी देणंघेणंच नाही. समोर धडधडीत पुरावा असताना जो नियम हलत नाही, तो मूळ प्रश्नातही चालणार नाही.

नंतरच्या घटनेने आधीची सोंगटी बदलत नाही, हे कबूल. बदलते ती तिच्याबद्दलची आपली माहिती, आणि प्रश्न तिचाच आहे. सकाळी राजवाड्यासमोरचा रस्ता ओला दिसला तर रात्री पाऊस पडला असेल किंवा नगर निगमची गाडी रस्ता धुऊन गेली असेल, असा अंदाज आपण करतोच. रस्ता ओला दिसल्यामुळे रात्रीचा पाऊस पडला, असं कोणी म्हणत नाही. थॉमस बेजचा निबंध तो वारल्यावर, 1763 मध्ये छापला गेला. तोही याच दिशेने जातो: दिसलेल्या निकालावरून मागे.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात रंजक वाटला, कारण ज्याने कोणी तो लिहिला त्याने सूत्र खरंच लावून पाहिलं असावं. त्याला 2/5 कसं मिळालं असेल ते बघा. टाकलेली काळी (E1) असण्याची संभाव्यता 2/5, पांढरी (E2) असण्याची 3/5. मग ख मधून पांढरी निघण्याची (A) संभाव्यता त्याने दोन्ही वेळा 2/6 धरली, कारण प्रश्नात ख मध्ये 2 पांढऱ्या आणि 4 काळ्या लिहिल्या आहेत. दोन्ही फांद्यांवर तोच 2/6 असला की तो वर-खाली कटतो आणि पहिल्या पायरीचं 2/5 जसंच्या तसं बाहेर पडतं. सूत्र निर्दोष आहे, त्यात घातलेली पिशवी शिळी आहे. एक सोंगटी आत पडल्यावर ख मध्ये 6 नाही, 7 सोंगट्या आहेत. टाकलेली काळी असेल तर 2 पांढऱ्या आणि 5 काळ्या, पांढरी असेल तर 3 पांढऱ्या आणि 4 काळ्या. म्हणजे पांढरी निघण्याची संभाव्यता पहिल्या फांदीवर 2/7 आणि दुसरीवर 3/7. हे दोन आकडे वेगळे आहेत, म्हणूनच निघालेला रंग टाकलेल्या सोंगटीबद्दल काहीतरी सांगतो. ते सारखे असते तर मेसेजचं म्हणणं खरं ठरलं असतं. उदाहरणार्थ, एकाच पिशवीतून सोंगटी काढून, परत ठेवून, दुसरी काढली तर दुसरीचा रंग पहिलीबद्दल काहीच सांगत नाही.

आता हिशेब. अपूर्णांकांची भीती वाटते त्यांनी समजा हा खेळ 35 वेळा केला आणि सगळं अगदी प्रमाणात पडलं. 35 पैकी 14 वेळा काळी टाकली जाईल. त्या 14 मध्ये 2/7, म्हणजे 4 वेळा पांढरी निघेल. उरलेल्या 21 वेळा पांढरी टाकली जाईल. त्यात 3/7, म्हणजे 9 वेळा पांढरी निघेल. पांढरी निघाल्याचे एकूण 13 खेळ, त्यातले काळी टाकलेले 4. उत्तर 4/13. पेपरात हेच असं लिहायचं:

```
P(E1) = 2/5,  P(E2) = 3/5
P(A|E1) = 2/7,  P(A|E2) = 3/7
P(A) = 2/5 × 2/7 + 3/5 × 3/7 = 4/35 + 9/35 = 13/35
P(E1|A) = (4/35) ÷ (13/35) = 4/13
```

तिसऱ्या मुद्द्यातलं 4/35 आपल्याही हिशेबात आलं, पण ते 35 पैकी 4 आहे: काळी टाकली *आणि* पांढरी निघाली. प्रश्नात पांढरी निघालेलीच आहे, म्हणून बाकीचे 22 खेळ बाद करून 13 मधूनच मोजायचं. वेळ कमी असेल तर एवढंच पडताळा: टाकलेली काळी आणि टाकलेली पांढरी यांची उत्तरं मिळून 1 यायला हवीत. 4/13 आणि 9/13 मिळून 1 होतात, 4/35 आणि 9/35 मिळून होत नाहीत.

2/5 मात्र अगदीच टाकाऊ नाही. ते काढायच्या आधीचं उत्तर आहे. पांढरी निघाली की ते 4/13 वर, म्हणजे साधारण 0.31 वर उतरतं. काळी निघाली असती तर 22 पैकी 10, म्हणजे 5/11 वर, साधारण 0.45 वर चढलं असतं. दोन्हींची आपापल्या प्रमाणात सरासरी घेतली तर (4 + 10)/35 म्हणजे 14/35, परत 2/5. आकडेमोडीआधी ही दिशा ओळखून ठेवावी: पांढरी निघाली तर काळी टाकल्याची शक्यता कमीच व्हायला हवी. तुमचं उत्तर 2/5 पेक्षा मोठं आलं तर कुठेतरी फांदी उलटी लागली आहे.

याच जातीचा पत्त्यांचा एक प्रश्न मुलांना नेहमी भेटतो: 52 मधला एक पत्ता हरवला, उरलेल्यांतून दोन काढले, दोन्ही चौकट निघाले, हरवलेला चौकट असण्याची संभाव्यता किती? मेसेजच्या नियमाने 13/52, म्हणजे 1/4. खरं उत्तर 11/50, आणि ते सूत्राशिवायही मिळतं. न पाहिलेले पत्ते 50, त्यांत चौकट 11, आणि हरवलेला पत्ता त्या 50 पैकी कोणताही असू शकतो. हा झटपट मार्ग पिशव्यांच्या प्रश्नात लावू नका. तिन्ही पत्ते एकाच जोडातून, परत न ठेवता गेले म्हणून तो इथे चालतो. दोन पिशव्यांत सोंगट्यांची संख्या आणि रंगांचं प्रमाण वेगळं असतं, तिथे फांद्या मांडाव्याच लागतात.