मायनस खाते आणि तुमचे 240 रुपये

★☆☆☆☆
"एटीएममधून 5000 निघाले नाहीत म्हणून तक्रार केली, बँकेने पैसे दिले आणि महिन्याने परत कापून घेतले. खातं मायनस 3760. या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर 4000 भरले तरी पावतीवर मायनस 55! माझे 240 कुठे गेले? पैसे परत मागितले तर नाही म्हणाले. वर अर्धा तास बसवून ठेवलं. चोर आहेत, जाऊ नका."

दादा, तुम्हाला त्रास झाला, माफी मागतो. पैसे भरून घेण्याआधी मी स्वतः शिल्लक तपासायला हवी होती, ती तपासली नाही, हे मान्य आहे. खात्याचे आकडे तुम्हीच इथे लिहिलेत, म्हणून मीही लिहितो.

पण 'चोर' हा शब्द मला फार लागला. तुम्ही मोबाईल पुढे करून एसएमएस दाखवलात आणि "एवढंच मायनस आहे, 4000 टाका, लवकर करा" म्हणालात. तो एसएमएस 3 तारखेचा होता आणि तुम्ही आलात 8 तारखेला. मधे 5 तारखेला तुमच्या गाडीचा हप्ता लागला, खात्यात पैसे नसल्यामुळे तो परत गेला आणि बँकेने 250 रुपये चार्ज व त्यावर 45 रुपये जीएसटी लावला. 3760 मध्ये 295 मिळवा, 4055 होतात. तुम्ही 4000 भरलेत, राहिले 55. तुमच्या हातात जी मिनी स्टेटमेंटची पट्टी दिली, तिच्यावर ही 295 ची नोंद आहे. ती अजून खिशात असेल तर कृपया एकदा पाहा. तो अर्धा तास मी ही पट्टी काढण्यात आणि शाखेला फोन लावण्यात घालवला. गुरुवारचा बाजार होता, मागे अकरा माणसं उभी होती.

पैसे परत का दिले नाहीत, तेही सांगतो. तुम्ही नोटा माझ्या हातात देता तेव्हा माझ्या सेटलमेंट खात्यातून तेवढीच रक्कम त्याच क्षणी तुमच्या खात्यात जाते. ती परत काढायची तर तुमच्याच खात्यातून काढावी लागते, आणि मायनस खात्यातून काही निघत नाही. गल्ल्यातून दिले असते तर ते माझ्या घरचे गेले असते.

आता पुढचं. नुसते 55 भरून सोडू नका. आधी शाखेत जाऊन विचारा की आजच्या तारखेला खातं शून्यावर आणायला व्याज आणि बाकी चार्ज धरून किती भरायचे, आणि लावायचा राहिलेला एखादा चार्ज आहे का. तो आकडा कागदावर घ्या आणि त्याच दिवशी भरा. त्याच वेळी अर्ज द्या: हप्ता परत गेला तो पैसे उलट कापल्यामुळे, तरी 295 माफ करावेत. माफ करणं शाखेच्या हातात असतं, पण पहिल्या वेळी कधीकधी करतात. गाडीच्या फायनान्सवाल्याचा दंड वेगळा असतो, तो त्यांच्याकडेच विचारावा लागेल. पुढचा हप्ता चुकू नये म्हणून 4 तारखेलाच मायनस फेडून वर पूर्ण हप्ता खात्यात ठेवा, कारण 5 ला सकाळीच मागणी लागते.

किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावून बँकेला बचत खातं शून्याखाली नेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा हा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे. स्टेटमेंटमध्ये तसा दंड दिसला तर त्यावर बोट ठेवा. हप्ता परत गेल्याचा चार्ज मात्र त्या नियमात येत नाही. खातं तसंच सोडून दुसरीकडे उघडलं तर मायनस मिटत नाही. पुढे किसान सन्मानचे 2000 आले तर तेही आधी त्यात वळते होतील.

आणि पैसे खरोखर निघाले नसतील तर फेडल्यावरही तक्रार सोडू नका. पहिल्यांदा मिळाले ते तात्पुरते होते. एटीएमवाल्या बँकेने व्यवहार यशस्वी दाखवला म्हणून ते परत गेले. त्या व्यवहाराचा जर्नल लॉग म्हणजे मशीनमधली नोंद, त्या दिवशीचा एटीएमच्या रोकडीचा ताळा आणि सीसीटीव्ही लेखी मागा, तेही लवकर, कारण चित्रण कायम ठेवत नाहीत. जुना तक्रार क्रमांक अर्जावर लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. अर्ज मी लिहून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.

यापुढे भरण्याआधी शिल्लक दाखवायची व्यवस्था करतो आहे, गर्दीचंही काहीतरी बघतो. नऊ वर्षं हेच काउंटर माझं घर चालवतं. हिशोब पटला तर तो एक शब्द तेवढा काढा, ही विनंती.