मला लहान खुर्ची चालेल

'आपला अनुभव प्रभावी आहे, परंतु पदाची व्याप्ती पाहता आपण ओव्हरक्वालिफाइड आहात असे आम्हाला वाटते.'

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीकडून मला हे मेल आलं. पूर्वी स्थळं पाहताना 'मुलगी जरा जास्तच शिकलेली आहे' असं सांगून नकार देत, तसाच हा प्रकार. मुलीच्या आईला धड रडताही येत नसे आणि धड मिरवताही येत नसे. मी बायकोला मेल वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही हुशार आहात म्हणून नको?" मी मान डोलावली. "लग्नाआधी आमच्या घरच्यांना हे कुणी सांगितलं नाही," असं म्हणून ती कुकर लावायला गेली.

आता माझी बाजू. चाकणच्या एका कंपनीत मी फायनान्स हेड आहे. पगार वर्षाला 31 लाख, हाताखाली भरपूर माणसं, आणि काम म्हणाल तर सकाळी एक मीटिंग, दुपारी त्या मीटिंगची मीटिंग आणि संध्याकाळी दोन्हींचं प्रेझेंटेशन. शेवटचं व्हाउचर स्वतः कधी पाहिलं ते आठवत नाही. टॅली उघडायची वेळ आली तर पासवर्ड आयटीवाल्याला विचारावा लागेल. फाउंड्रीतली जागा अकाउंट्स मॅनेजरची होती. हाताखाली दोन माणसं, पगार आठ लाखांच्या आसपास आणि वर मालकांचा एकोणतीस वर्षांचा सीए झालेला मुलगा.

ही जागा मला हवी होती, आणि त्याला कारण होती एक फाइल. मुलाखतीत धाकट्या मालकांनी ती दाखवली होती. वर स्केच पेनाने लिहिलं होतं, 'बघणे'. आत गिऱ्हाइकांच्या डेबिट नोटा, म्हणजे आपल्या बिलातून कापलेल्या पैशांचे कागद. फाउंड्रीचा धंदा ज्यांना माहीत आहे त्यांना हे दुखणंही माहीत असतं. आपण कास्टिंग ओतून पाठवतो, गिऱ्हाईक त्यावर मशीनिंग करतं आणि निम्मं मशीनिंग झाल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघतो. मग ते कास्टिंग रिजेक्ट होतं आणि गिऱ्हाईक डेबिट नोट पाठवतं. बरेचदा कास्टिंगची किंमत आणि वर मशीनिंगचा खर्चसुद्धा लावतं. आपल्याकडे ती नोट स्टोअरमध्ये पडते, स्टोअरवाला म्हणतो क्वालिटीने बघायचं, क्वालिटीवाला म्हणतो अकाउंट्सने. शेवटी ती 'बघणे' फाइलमध्ये जाते आणि गिऱ्हाइकाचं लेजर आणि आपलं लेजर यांचं बोलणं बंद होतं.

यात खरा पैसा जीएसटीत अडकतो. माल विकला तेव्हा आपण कर भरलेला असतो. तो कमी करून घ्यायचा तर आपण क्रेडिट नोट काढायला हवी आणि ती रिटर्नमध्ये दाखवायला हवी. त्याला मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षातली विक्री, ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत, आणि वार्षिक रिटर्न त्याआधीच भरलं तर तेवढ्यापर्यंतच. समजा वर्षभरात चार लाखांची कास्टिंग्ज परत आली. 18 टक्क्यांनी कर झाला 72,000. फाइल नोव्हेंबरअखेर 'बघणे'च राहिली, तर गिऱ्हाइकाला चार लाख सोडावे लागतातच आणि हे 72,000 सरकारजमा ते सरकारजमाच. मुलाखतीत ती फाइल चाळताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. बायकोच्या मते हे लक्षण डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे.

तर आलेल्या मेलला उत्तर द्यायचं ठरवलं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं की एवढ्या वर्षांच्या अनुभवाचं 'मार्गदर्शन' आपल्या संस्थेला लाभेल, तरुण नेतृत्वाला 'मार्गदर्शन' करण्यात मला आनंद वाटेल, आणि योग्य 'मार्गदर्शनाने' संस्था नवी शिखरं गाठेल. बायकोने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "हे पत्र त्या पोराच्या हातात जाणार ना? त्याला वाटेल, बाबा एक कमी होते म्हणून दुसरे आले."

नंतरचा खर्डा नम्र होता. फारच नम्र. 'पगाराची मला मुळीच फिकीर नाही, मिळेल ते काम करीन' असं त्यात होतं. हा मी मेव्हण्याला पाठवला, कारण तो एका कारखान्यात एचआरमध्ये आहे आणि माणसं नाकारण्याचाच पगार घेतो. त्याचा लगेच फोन.

"दाजी, तुमच्यावर कर्जबिर्ज झालंय का?"

"नाही रे."

"मग असं का लिवलंय? मला हे पत्र आलं तर मी पहिल्यांदा तुमच्या कंपनीत फोन लावून विचारीन, या माणसाला काढलाय का म्हणून."

मग त्याने आतली गोष्ट सांगितली. ओव्हरक्वालिफाइड लिहिणाऱ्याला तुमच्या शिक्षणाचं काही पडलेलं नसतं. त्याला तीन भीत्या असतात. हा माणूस सहा महिन्यांत मोठी नोकरी मिळाली की पळेल, आणि मग मालक मला विचारतील, कुठून धरून आणलास? दुसरी, आठ लाखांत याचं भागणार नाही, दिवाळीला पगारवाढ मागत दारात उभा राहील. तिसरी, हा आमच्या साहेबांचाच साहेब होईल. ही तिसरी भीती मेलमध्ये कुणी लिहीत नाही, पण बहुतेक नकार तिच्यामुळेच येतात. "दाजी, 'मी पळणार नाही' असं नुसतं लिहून काय उपयोग? पळणारा पण तेच लिवतो. माझी खात्री पटेल असं काहीतरी द्या."

आणि उत्तर द्यायचं की नाही, हे ओळखायची त्याची एक खूण आहे. अर्ज टाकल्यावर तासाभरात नकार आला असेल तर तो यंत्राने छापलेला, तिथे उत्तर लिहिणं वाया. मुलाखत होऊन, कुणीतरी तासभर समोर बसून मग हा शब्द आला असेल, तर तिथे माणूस घुटमळतोय. उत्तर एका दिवसात जायला हवं. आठवड्याने गेलं तर दुसऱ्या कुणाला ऑफर लेटर गेलेलं असतं. 'ओव्हरक्वालिफाइड' हा कधीकधी वयाचा सभ्य उच्चार असतो, आणि त्यावर जगातलं कुठलंही पत्र चालत नाही, हेही त्याने सांगितलं. माझे केस पाहून सांगितलं असावं. फोन व्हिडिओ कॉल होता.

सगळ्यात वाद झाला तो कारणावर. मी लिहिलं होतं की आई कोल्हापुरात एकटी आहे, म्हणून परत यायचंय. हे खरं आहे. मेव्हणा म्हणाला, खरं असलं तरी पहिल्या ओळीत नको. ते वाचून एचआरला कळतं की याला कोल्हापूर हवंय, आमची फाउंड्री नको. उद्या तिथल्याच शिरोली एमआयडीसीत दुसऱ्या फाउंड्रीने दोन लाख जास्त दिले की हा रस्ता ओलांडून तिकडे जाईल. घरचं कारण शेवटी, एका ओळीत. आधी काम. "तुम्हाला तिथलं नक्की काय आवडलं?" त्याने विचारलं. मी त्याला 'बघणे' फाइलबद्दल सांगू लागलो. बराच वेळ सांगत होतो. मधेच तो म्हणाला, "दाजी, हेच लिवा. फक्त थोडं लिवा."

शेवटी जे पत्र गेलं ते असं:

'आपण मोकळेपणाने शंका कळवलीत, आभारी आहे. आपल्या जागी मलाही तीच आली असती, म्हणून थेट लिहितो.

मला या कामात रस आहे तो मुलाखतीत दाखवलेल्या डेबिट नोटांमुळे. रिजेक्शनच्या नोंदी गेट पासशी जुळवणं, मुदतीत क्रेडिट नोटा काढणं, जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला का हे चलनावरून तपासणं, हे मला स्वतःच्या हाताने करायचं आहे. सध्या ते माझ्यापर्यंत स्लाइडवर येतं.

पद अकाउंट्स मॅनेजरचं आहे आणि तेवढंच मला हवं आहे. निर्णय आपले राहतील. मी आकडे वेळेवर आणि खरे देईन. वयाने लहान असलेल्या वरिष्ठांना मी आजही रिपोर्ट करतो.

पगार 7.5 ते 8.5 लाख मला मान्य आहे. घराचं कर्ज फिटलं आहे, मुलीचं शिक्षण या वर्षी संपतं आणि कोल्हापुरात घर आहे, त्यामुळे हा हिशेब मी करून पाहिला आहे. किमान दोन वर्षं राहण्याचा माझा इरादा आहे आणि नोटीस पीरियड तीन महिन्यांचा ठेवावा, अशी माझीच विनंती आहे.

शंका उरली असेल तर एक दिवस मी येऊन त्या फाइलवर बसतो. मग ठरवा.'

शेवटची ओळ मेव्हण्याची. 'वयाने लहान असलेल्या वरिष्ठांना' ही बायकोची. ती म्हणाली, घरात मुलीचं ऐकता तेही धरा. तीन महिन्यांच्या नोटिशीची कल्पना मात्र माझी स्वतःची आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पळून जाणारा माणूस स्वतःच्या पायात स्वतःहून बेडी घालून घेत नाही. 'किमान दोन वर्षं'च्या जागी मी आधी 'निवृत्तीपर्यंत' लिहिलं होतं, ते मेव्हण्याने कापलं. दोन वर्षांवर एचआर विश्वास ठेवतो. निवृत्तीपर्यंत म्हटलं की त्याला वाटतं, हा झोपायला येतोय.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांचा फोन आला. त्यांनी अनुभव विचारला नाही, आवड विचारली नाही. म्हणाले, "शनिवारी याल का? फाइल एक नाही, तीन आहेत."

शनिवारी गेलो. दुपारपर्यंत एका गिऱ्हाइकाच्या नोटा गेट रजिस्टरशी लावल्या. काही नोटांचा माल परतच आला नव्हता. गिऱ्हाइकाने पैसे कापून कास्टिंगही ठेवून घेतली होती. काही नोटा तर चक्क दोनदा लावलेल्या. धाकटे मालक शेजारी खुर्ची ओढून बसले आणि 'सर, हे बघा' असं म्हणू लागले. मी त्यांना 'साहेब' म्हणत होतो. बाजूचा क्लार्क दोघांकडे आळीपाळीने बघत होता आणि चहा कुणापुढे आधी ठेवायचा याचा त्याला निर्णय होत नव्हता. त्याने शेवटी दोन्ही कप टेबलाच्या मधोमध ठेवले.

सोमवारी ऑफर लेटर आलं. मी 7.5 ते 8.5 लिहिलं होतं, त्यांनी 7.5 दिले. मेव्हण्याला कळवलं तर तो म्हणाला, "दाजी, दोन आकडे दिल्यावर एचआरला खालचाच दिसतो. आता तक्रार करायची नाही. मान्य असल्याचं तुमच्याच सहीचं पत्र आहे त्यांच्याकडे."