माइंड मॅप सुंदर झाला, उत्तर का आलं नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून माझ्या दहावीतल्या मुलीने पेशीश्वसनाचा माइंड मॅप केला. अख्खा रविवार स्केचपेन घेऊन बसली होती. कागद फ्रेम करण्यासारखा झाला. पण चाचणीत 'ऑक्सिश्वसन व विनॉक्सिश्वसन यांतील फरक लिहा' आलं आणि तिला धड दोन मुद्दे लिहिता आले नाहीत. त्यापेक्षा प्रश्नोत्तरं दहा वेळा लिहून काढली असती तर बरं झालं असतं. हे सगळं वेळ घालवण्याचं काम आहे."

ताई, तुम्ही नेमका धडा आणि नेमका प्रश्न सांगितलात हे फार बरं झालं, कारण याच धड्यावर मला सगळं दाखवता येईल.

आधी एक विचारते. मॅप काढताना पुस्तक उघडं होतं का? रविवारभर चाललं म्हणजे बहुधा होतंच. पुस्तक समोर ठेवून काढलेला मॅप म्हणजे नक्कलच, फक्त गोल मांडलेली. तुमच्या बाजूने सांगण्यासारखा पुरावाही आहे. २०११ साली कार्पिके आणि ब्लंट या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट करून पाहिलं. एका गटाने उतारा समोर ठेवून संकल्पनांचा नकाशा काढला, दुसऱ्या एका गटाने उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. आठवडाभराने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणारे सरस ठरले. पण त्याच दोघांनी २०१४ मध्ये नकाशाही न बघता, आठवून काढायला लावला, आणि तेव्हा तो आठवून लिहिण्याइतकाच उपयोगी पडला. म्हणजे फरक पडतो तो पुस्तक मिटलेलं आहे की उघडं, यामुळे. हाच हिशोब दहा वेळा लिहिण्यालाही लागू आहे. समोर बघून दहा वेळा लिहिलं तर तिसऱ्या वेळेपासून फक्त हात चालतो.

तर आता पुस्तक मिटून. कोरा ए-फोर कागद आडवा ठेवायचा, मधोमध 'पेशीश्वसन' लिहायचं आणि साध्या निळ्या पेनाने चार फांद्या काढायच्या: ग्लुकोज-विघटन, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी, किण्वन. वीस मिनिटं पुरतात. स्केचपेनांना अजून हात लावायचा नाही. जे आठवत नाही तिथे फांदी रिकामी सोडायची. मग पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं तेवढं लाल पेनाने भरायचं. या कागदावर सगळ्यात कामाचं काही असेल तर ते लाल अक्षरच, कारण आपलं नेमकं काय कच्चं आहे ते त्यातून कळतं. म्हणून लाल रंग दुसऱ्या कशालाही वापरू द्यायचा नाही.

फांदीवर काय लिहायचं, इथे बहुतेक मुलं अडखळतात. 'ग्लुकोज-विघटनाची प्रक्रिया पेशीद्रव्यात घडते' असं वाक्य लिहिलं की पुढच्या वेळी डोळे ते नुसतं वाचतात, आठवावं काहीच लागत नाही. 'पेशीद्रव्य' एवढंच लिहिलं तर वाक्य मनातल्या मनात तिलाच जुळवावं लागतं. उलट टोकाला नुसतं 'ऊर्जा' लिहिणारीही मुलं असतात. तो शब्द चारही फांद्यांना चालतो, म्हणून कुठल्याच फांदीच्या कामाचा नाही. ग्लुकोज-विघटनाच्या फांदीवर '२ एटीपी' हवं, एटीपी म्हणजे पेशी ज्या रेणूच्या रूपात ऊर्जा वापरते तो. शब्द बरोबर निवडला आहे का हे तपासायला मी एकच गोष्ट करायला लावते: त्या शब्दावर बोट ठेवून दोन-तीन वाक्यं मोठ्याने बोलून दाखव. बोलता आलं नाही तर शब्द बदलायचा, नाहीतर तो मुद्दा पुन्हा वाचायचा.

आता रंग. प्रत्येक फांदीला वेगळा रंग द्यावा असं सर्रास सांगितलं जातं, आणि तुमच्या मुलीनेही तेच केलं असणार. दिसायला ते छान दिसतं, पण फरकाच्या प्रश्नाला त्याची मदत होत नाही. मी रंग माहितीच्या प्रकाराला देते. प्रक्रिया कुठे घडते ते हिरव्याने, आत काय जातं आणि बाहेर काय पडतं ते निळ्याने, ऊर्जा नारिंगीने. मग चार फांद्यांवरचे हिरवे शब्द एका नजरेत दिसतात: ग्लुकोज-विघटन पेशीद्रव्यात, क्रेब चक्र तंतुकणिकेत, वहन साखळी तंतुकणिकेत, किण्वन पुन्हा पेशीद्रव्यात. फरकाचा पहिला मुद्दा इथेच हाती लागला. नारिंगी शब्द तसेच पाहिले की दुसरा मुद्दा मिळतो. तीन रंग पुरे. पाचवा रंग आला की कुठला कशाचा हेच लक्षात ठेवावं लागतं.

पण मला विचाराल तर तिच्या कागदावर जे राहून गेलं असणार ते म्हणजे फांदीतून फांदीत जाणारे बाण. ते नसतील तर मॅप म्हणजे गोल मांडलेली यादीच. या धड्यात दोन बाण फार महत्त्वाचे आहेत. ग्लुकोज-विघटनात एका ग्लुकोजपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात, २ एटीपी मिळतात आणि इलेक्ट्रॉन पुढे वाहून नेणाऱ्या एनएडीएचचेही दोन रेणू तयार होतात. क्रेब चक्रातही एनएडीएच तयार होतं. हे एनएडीएच पुढे जातं कुठे? वहन साखळीत. तिथे त्यापासून भरपूर एटीपी तयार होतात, आणि ऑक्सिजन लागतो तोही तिथेच, साखळीच्या शेवटी, जिथे त्याचं पाणी होतं. हा पहिला बाण.

आता ऑक्सिजनच नाही असं समजा. साखळी थांबते, एनएडीएच तसंच पडून राहतं. मग पायरुविक आम्लाचं किण्वन होतं. किण्व म्हणजे यीस्ट असेल तर त्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड, आपल्या स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल. त्यात एनएडीएच वापरलं जातं, म्हणून ग्लुकोज-विघटन पुढे चालू राहू शकतं, पण हाती येतात ते सुरुवातीचे २ एटीपीच. ग्लुकोज-विघटनाकडून किण्वनाकडे जाणारा हा दुसरा बाण. हे दोन बाण तिने स्वतः काढले आणि बोलून दाखवले तर फरकाचे मुद्दे वेगळे पाठ करावे लागत नाहीत: ऑक्सिजन लागतो की नाही, कुठे घडतं, ग्लुकोजचं पूर्ण ज्वलन होतं की अर्धवट, शेवटी काय उरतं, ऊर्जा किती. ग्लुकोज-विघटन दोन्हींत असतं हेही तिथेच दिसतं, आणि मुलं नेमकं हेच विसरतात.

तुमचं एक म्हणणं मात्र पूर्ण बरोबर आहे. मॅपमुळे उत्तर लिहिण्याची सवय लागत नाही. म्हणून मॅप झाला की त्याच बैठकीत, मॅप समोर ठेवून, एक पाच गुणांचं उत्तर वेळ लावून लिहायचं. आणि सगळ्याच धड्यांचे मॅप करत बसू नये. भिंगाच्या सूत्रावरची गणितं सोडवूनच येतात, किरणाकृती काढूनच जमतात.

पेशीविभाजन याच धड्यात असलं तरी ते या कागदावर कोंबू देऊ नका, त्याला वेगळा कागद द्या. आणि जुना सुंदर कागद फेकायची गरज नाही, तपासायला तो उत्तम आहे. तीन-चार दिवस जाऊ द्या, मग तो तुमच्याकडे ठेवून घ्या आणि तिला कोऱ्या कागदावर आठवून काढू द्या. नंतर दोन्ही शेजारी ठेवून तिचं तिलाच लाल पेनाने भरू द्या. आठवडाभराने पुन्हा एकदा. लाल अक्षरं कमी झाली नाहीत तर दोन्ही कागदांचे फोटो मला पाठवा, नेमकं कुठे अडतंय ते बघू.