नाव कव्हरवर नव्हतं, कागदावर होतं

"मामा, बर्ड्सनी त्यांचं पहिलं गाणं वाजवलंच नव्हतं म्हणे. सगळं भाड्याच्या लोकांकडून करून घेतलं. ही सरळ फसवणूक नाही का?" – पुण्याहून भाचा

अर्धं खरं आहे. बर्ड्स या अमेरिकी रॉक बँडचं ते गाणं, 'मिस्टर टँबरीन मॅन', २० जानेवारी १९६५ला हॉलिवूडमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. त्यात बर्ड्सपैकी वाद्य हातात होतं ते एकट्या रॉजर मॅग्विनच्या, बारा तारांची रिकनबॅकर गिटार. गायले तो, जीन क्लार्क आणि डेव्हिड क्रॉस्बी. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल, इलेक्ट्रिक पियानोवर लिऑन रसेल, दुसऱ्या गिटारवर जेरी कोल. बँडचा ड्रमर मायकल क्लार्क आणि बासवाला क्रिस हिलमन यांना निर्माता टेरी मेल्चरने वाजवूच दिलं नाही. गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. गाण्याच्या सुरुवातीला बास जो घसरत येतो, ज्यावरून हे गाणं दोन सेकंदांत ओळखू येतं, तो नेक्टेलचा.

उरलेलं अर्धं असं, की त्या दिवशी या मंडळींनी फक्त दोन गाणी वाजवली, हे आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं. त्याच नावाच्या एलपीवरची बाकी सगळी गाणी बर्ड्सनी स्वतः वाजवली आहेत.

मेल्चरने असं का केलं, ते इथे लॉस एंजेलिसजवळ राहिल्यावर मला नीट कळलं. इथे ध्वनिमुद्रणाचं सेशन म्हणजे तीन तास. दर युनियनने ठरवलेला, वेळ वाढली की जादा पैसे. हिलमन मूळचा मँडोलिन वाजवणारा, बास त्याच्या गळ्यात नुकताच पडला होता. क्लार्ककडे सुरुवातीला धड ड्रमही नव्हते, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर सराव चालायचा. मॅग्विनने पुढे मुलाखतींतून सांगितलंय, की या लोकांनी तीन तासांत दोन गाणी उरकली, आणि नंतर बँडने स्वतः 'टर्न! टर्न! टर्न!' वाजवलं तेव्हा सत्त्याहत्तर टेक लागले. आकडा त्याच्या आठवणीतला आहे, थोडा फुगलेलाही असेल. पण गायक कितीही गोड असो, पहिल्याच सिंगलवर सत्त्याहत्तर टेकचे पैसे मोजायला कोलंबियासारखी कंपनी तयार झाली नसती.

हा प्रश्न आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पडला आणि अपेक्षेप्रमाणे भरकटला. भावोजींनी लिहिलं, "आमच्या ऑफिसात हेच चालतं. प्रेझेंटेशन मी रात्रभर बसून करायचं आणि नाव साहेबाचं." भावोजी, तुमचं दुःख खरं आहे, पण तुमचा पगार, पीएफ आणि हजेरी तुमच्याच नावावर लागते. इथल्या वादकांची गोष्ट नेमकी तिथूनच सुरू होते.

बरबँकला आमच्या शेजारी एक निवृत्त ट्रॉम्बोनवादक राहतात. उभा जन्म स्टुडिओत गेला. भाच्याचा प्रश्न त्यांना सांगितला तर 'फसवणूक' या शब्दावर त्यांनी खांदे उडवले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काँट्रॅक्ट भरलं होतं का?" इथे काँट्रॅक्ट म्हणजे प्रत्येक सेशनला वादकांच्या युनियनकडे, हॉलिवूडला लोकल ४७कडे, जाणारा फॉर्म. त्यावर तारीख, स्टुडिओ, गाण्यांची नावं, कोण होतं आणि कोणाला किती मिळालं, सगळं असतं. एलपीच्या पाठीवर नाव छापायचं की नाही, ही कंपनीची मर्जी. या फॉर्मवर मात्र नाव लागायलाच हवं. पेन्शनचा हिस्सा त्यावर, आणि रेकॉर्ड कंपन्या विक्रीच्या प्रमाणात ज्या निधीत पैसे भरतात त्याचं वाटपही त्यावरच. शिवाय इंटरनेट आणि उपग्रह रेडिओवर गाणं वाजलं की कायद्याने रॉयल्टीतले पाच टक्के बाजूला निघतात, अडीच साथीच्या वादकांचे आणि अडीच साथीच्या गायकांचे. मुख्य कलाकाराचे पंचेचाळीस.

पाच टक्के म्हणजे काहीच नाही, असं भाचा म्हणेल. बरोबर आहे. त्यातही १९७२च्या आधीच्या रेकॉर्डिंगना हा हक्क मिळायला २०१८चा कायदा यावा लागला, आणि हॅल ब्लेन मार्च २०१९मध्ये नव्वदाव्या वर्षी गेला. साध्या एफएम रेडिओवर तर इथे वादकालाच काय, गायकालाही छदाम मिळत नाही. त्यामुळे 'अमेरिकेत कलाकाराची कदर होते' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य मी तरी वापरणार नाही.

तो फॉर्म आणखी एका कामी येतो. साठ वर्षांनी भांडण झालं तर पुरावा तोच. कॅरोल के ही बासवादक, याच वर्तुळातली. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या काही गाजलेल्या गाण्यांवरचा बास आपला होता असं तिचं म्हणणं, आणि तो मोटाउनचा बासवादक जेम्स जेमर्सनचा होता असं इतरांचं. मग दोन्हीकडचे लोक कागद उकरायला लागले, आणि वाद अजून मिटलेला नाही. ब्लेन, नेक्टेल, कॅरोल या स्टुडिओ-वादकांना आज सर्रास 'रेकिंग क्रू' म्हणतात. ते नाव ब्लेनच्या पुस्तकाने रूढ केलं, आणि कॅरोलला ते मुळीच मान्य नाही. २०२५मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला सन्मान देऊ केला, तोही तिने नाकारला. प्रसिद्धी मिळाली नाही म्हणून ज्यांच्यासाठी आपण हळहळतो, त्यातल्या एकीला ती मिळत असताना नको होती.

आता घरची गोष्ट. पुण्या-मुंबईत हा वाद निघाला की तो 'चाल कोणाची, श्रेय कोणाचं' यावरच फिरतो. हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी काय केलं ते आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सेबॅस्टियन डिसोझांचं नाव निदान 'सहायक' म्हणून पडद्यावर यायचं. अँथनी गोन्साल्विसना त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे १९७७मध्ये स्वतःच्या नावाचं एक अख्खं गाणं मिळालं. मराठीत प्रभाकर जोगांचं व्हायोलिन 'गाणारं व्हायोलिन' म्हणून ओळखलं गेलं. पण ही सगळी पुढच्या रांगेतली माणसं. मागच्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर व्हायोलिन धरून बसलेल्याचं काय? त्याला सेशनचे पैसे मिळाले आणि विषय संपला. आज त्याच्या नातीला सिद्ध करायचं असेल की आजोबा त्या गाण्यात होते, तर तिने काय दाखवायचं?

म्हणून श्रेयनामावलीवर चाललेली आपली चर्चा मला चुकीच्या दाराशी उभी वाटते. नाव छापा, जरूर छापा. पण आपल्याकडेही २०१२च्या दुरुस्तीने कलाकाराला रॉयल्टीचा हक्क दिलेला आहे, आणि त्या दिवशी खोलीत कोण होतं याची नोंदच नसेल तर ती रॉयल्टी कोणाच्या खात्यावर टाकणार?

शेजाऱ्यांना यातलं अर्धंच पटतं. त्यांच्या मते या गोष्टीत खरं नुकसान मायकल क्लार्कचं. पहिल्या क्रमांकाचं गाणं त्याच्या बँडचं, आणि दर कार्यक्रमात त्याने वाजवायचं ते ब्लेनने ठरवलेलं. मी म्हटलं, त्याला नाव मिळालं की. ते म्हणाले, "तेच तर." यावर आमचं एकमत झालेलं नाही.

भाच्याला मी उलट विचारलं, गेल्या महिन्यात कोथरूडच्या स्टुडिओत कुणाच्या तरी सिंगलसाठी तू गिटार वाजवलीस, तेव्हा कुठे सही केलीस का? उत्तर आलं, "नाही रे मामा, जीपेवर दोन हजार आले लगेच." मी त्याला सांगितलंय, त्या निर्मात्याला आजच एक ईमेल टाक. तारीख, गाण्याचं नाव आणि कुठली गिटार वाजवलीस, एवढं लिही आणि 'बरोबर आहे' असं त्याच्याकडून उत्तर मागव.