दोन फॉर्म जुळत नाहीत तेव्हा: एका प्रतिक्रियेला उत्तर

*प्रतिक्रिया: "लेख वाचला. आईचा फॉर्म आणि शिक्षिकेचा फॉर्म जुळला नाही तर सरळ सरासरी काढा की! पण तुम्ही ती काढणार नाही. फी पालक भरतात, म्हणून त्यांचंच खरं धरलं जातं आणि ४५ मुलांचा वर्ग सांभाळणारी बाई खोटी ठरते. फॉर्मही इंग्रजीत. बाकी औषध कंपन्यांचं सगळ्यांना माहीतच आहे. – एक शिक्षिका"*

बाई,

एडीएचडी, म्हणजे लक्षाच्या विकाराच्या तपासणीत मी पालकांकडून आणि शिक्षकांकडून जो फॉर्म भरून घेते, तो इंग्रजीत असतो ही तुमची तक्रार रास्त आहे. मराठी शाळेतल्या शिक्षकांना तो तसाच पाठवणं गैर आहे, हे मान्य.

पण "फी पालक भरतात" हे वाक्य तुम्ही ज्या सहजतेने टाकलंत, ते मला लागलं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये वाढलेल्या मुलीला शिक्षकांची किंमत शिकवायला कुणी येऊ नये. मतभेद जरूर मांडा, पण समोरचा विकला गेलाय असं धरून बोलायची काय गरज?

आता कामाचं. मी बहुतेक वेळा व्हँडरबिल्ट फॉर्म वापरते. त्यात लक्ष न लागण्याची ९ विधानं असतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. २ किंवा ३ दिले तर ते लक्षण धरायचं आणि ९ पैकी ६ भरली की पुढचा तपास. तिसरीतल्या एका मुलाच्या बाबतीत त्याच्या बाईंनी ७ विधानांना २-३ दिले होते, आईने फक्त दोनांना. तुमच्या सल्ल्याप्रमाणे सरासरी काढली असती तर बाईंचे ३ आणि आईचा ० मिळून दीड झाला असता, बरीचशी लक्षणं उंबरठ्याखाली गेली असती आणि पोराला "काही नाही" म्हणून घरी पाठवलं असतं. म्हणजे सरासरीने बुडाली असती ती बाईंचीच बाजू.

म्हणून बेरीज बाजूला ठेवून दोन्ही फॉर्म ओळीला ओळ लावून वाचायचे. "हातातलं काम पूर्ण करत नाही" याला आईने ० दिला होता. मी विचारलं, काल संध्याकाळचा अभ्यास कसा झाला ते पहिल्यापासून सांगा. तर आई शेजारी बसते, धडा मोठ्याने वाचून दाखवते, उत्तर सांगते आणि तो लिहितो. दप्तरही तीच भरते. तो शून्य आईच्या मेहनतीचा होता. ती खोटं बोलत नव्हती, तिला दिसलं तेच तिने लिहिलं.

मग बाईंना फोन केला. कोणत्या तासाला होतं असं? त्या म्हणाल्या, मराठीत, परिसर अभ्यासात, फळ्यावरचं उतरवून घेताना. तोंडी गणितात? तिथे पहिला हात त्याचाच. खेळाच्या तासाला नियम सांगितले की बरोबर पाळतो. आता बघा, लक्ष न टिकणं हीच मूळ अडचण असती तर ती बहुधा अशी फक्त वाचन-लेखनाच्या तासाला आली नसती. कान आणि डोळे तपासून घेतले, ते ठीक होते. दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला तर जोडाक्षराला अडखळला, ओळ सुटली आणि दोन मिनिटांत खिडकीबाहेर बघू लागला. लक्षाच्या विकाराचं निदान मी थांबवलं आणि वाचनाची पूर्ण तपासणी करायला पाठवलं. बाईंचं निरीक्षण अचूक होतं, कारण मात्र वेगळं निघालं. आणि हे सगळं उघडलं ते त्यांच्याच फॉर्ममुळे. पैसे भरले आईने!

दोन फॉर्म न जुळणं हा अपवाद नव्हे. अखेनबाख या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा पालक-शिक्षक यांसारख्या वेगळ्या भूमिकांतल्या माणसांच्या उत्तरांतला सहसंबंध, ज्यात १ म्हणजे पूर्ण मेळ, सरासरी ०.२८ निघाला, तर एकाच भूमिकेतल्या, म्हणजे आई-वडिलांसारख्या जोडीतला ०.६०. निदानाच्या निकषांत लक्षणं दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत अशी अट आहे, पण म्हणून दोन्ही फॉर्मवर सारखे गुण पडायला हवेत असं नाही.

उलटही घडतं, घरच्या फॉर्मवर २-३ ची रांग आणि शाळेच्या फॉर्मवर जवळपास सगळी शून्यं. तेव्हा झोप, घरातली शिस्त, गृहपाठावरून रोज होणारी भांडणं आणि शिक्षक त्या मुलाला किती दिवस ओळखतात, हे आधी बघते.

आणि राग मानू नका, पण शिक्षकांचा प्रत्येक फॉर्मही देववाणी नसतो. उलट बोलणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या मुलाला लक्षाच्या रकान्यातही वाढीव गुण पडतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ ३-३-३ आले की मला मुलाइतकाच फॉर्म भरणाऱ्याचा वैतागही दिसतो. ४५ मुलांत तो येणारच. तेव्हा मी वर्गातल्या दुसऱ्या शिक्षकांकडूनही फॉर्म मागवते.

औषध कंपन्यांबद्दलच्या वाक्याला उत्तर देत नाही. वरच्या मुलाला एक गोळीसुद्धा दिलेली नाही.

पुढच्या वेळी तुमच्याकडे असा फॉर्म आला तर आकड्यांना गोल करून थांबू नका. शेजारी मराठीतच लिहा: कोणता तास, काय काम दिलं होतं, तो कुठे बसला होता. ते मी आकड्यांच्या आधी वाचते.