"चेक करून सांगतो" हे उत्तर नाहीये!!

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

मंगळवारी सकाळी 9:40 ला क्लायंटच्या अकाउंट्समधल्या मॅडमचा मेल आला. त्यांचं ऑनलाइन दुकान आहे, पेमेंटचा भाग आमची टीम सांभाळते. मेलमध्ये तीन साधे प्रश्न होते. काल रात्री आमच्या 3 ग्राहकांना एकाच ऑर्डरचे दोनदा पैसे गेल्याचे मेसेज आलेत, ते खरंच गेलेत का? असे अजून किती जण आहेत? आणि आम्ही त्यांना रिफंड देऊन टाकू का?

आता पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर त्या वेळी आमच्याकडे कुणाकडेच नव्हतं, आणि ते नसणं यात काहीही लाज वाटण्यासारखं नाही. कार्ड पेमेंटमध्ये आधी ऑथरायझेशन होतं, म्हणजे बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते, आणि मग कॅप्चर होतं तेव्हा पैसे खरे कापले जातात. ग्राहकाच्या फोनवर मेसेज पहिल्या पायरीलाच येतो, त्यामुळे दोन मेसेज आले म्हणजे दोनदा पैसे गेलेच असं नसतं. दुसरी रक्कम नुसती अडकलेली असू शकते, ती काही दिवसांत आपोआप सुटते. खरं काय झालंय हे सेटलमेंट फाइल, म्हणजे खरोखर कापलेल्या पैशांची यादी, आल्यावरच पक्कं कळतं आणि आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला येते. म्हणजे तुम्ही कितीही आरडाओरडा करा, बुधवारी सकाळच्या आत पहिल्या प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळणारच नव्हतं. हे आम्हाला 9:40 ला माहीत होतं. मग हेच क्लायंटला सांगायला काय जातं??

मी 10 वाजता मेल लिहून तयार ठेवला होता. त्याआधी तिन्ही ऑर्डर स्वतः उघडून बघितल्या, बॅकएंडवाल्याला विचारलं की अशा सगळ्या ऑर्डरची यादी काढायला किती वेळ लागेल, तो म्हणाला तासभर, मी दोन धरले. मेल असा होता:

"तुमचा मेल मिळाला. तुम्ही दिलेल्या 3 ऑर्डर बघितल्या, तिन्हींवर दोन-दोन ट्रान्झॅक्शन दिसतायत. दुसऱ्यांदा पैसे कापले गेलेत की बँकेने फक्त अडवून ठेवलेत हे आम्हाला अजून माहीत नाही. आम्ही दोन गोष्टी तपासतोय. काल रात्रभरात अशा एकूण किती ऑर्डर आहेत, त्याची यादी लॉगमधून काढतोय, ती आज दुपारी 12 पर्यंत पाठवते. त्यातल्या कोणाचे पैसे खरंच दोनदा कापले गेले हे सेटलमेंट फाइलशी जुळवून बघावं लागेल, ती फाइल उद्या सकाळी 9 ला येते, त्याबद्दल उद्या 11 पर्यंत कळवते. तोपर्यंत कृपया कोणालाही रिफंड देऊ नका. पैसे एकदाच कापले गेले असतील तर रिफंडने तेच परत जातील आणि अडकलेली रक्कमही सुटेल, मग ऑर्डरचे पैसे तुम्हाला मिळणारच नाहीत. ग्राहकांना सध्या एवढंच सांगा की तपास चालू आहे आणि उद्या दुपारपर्यंत कळवू."

झालं. एवढंच. यात कुठे खोटं आहे, कुठे उडवाउडवी आहे, कुठे आम्ही अडकतोय?

मॅनेजरने थांबवला. म्हणे पूर्ण उत्तर मिळेपर्यंत मेल नको, अर्धवट माहिती दिली की ते अजून प्रश्न विचारतात. आणि म्हणे "दोन ट्रान्झॅक्शन दिसतायत" असं लिहिलं की आपण चूक कबूल केल्यासारखं होतं. अहो, ग्राहकांच्या फोनवर दोन मेसेज आलेत, त्यांना ते आधीच दिसतंय! दिसतंय ते लिहिणं आणि कारण कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी कारणाबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता, कारण कारण मला माहीतच नव्हतं.

मग 10:30 ला सेल्समधल्या एकाने माझ्याऐवजी रिप्लाय केला. "आम्ही यात लक्ष घातलं आहे, लवकरात लवकर अपडेट देतो."

या एका वाक्याचा मला जेवढा राग येतो ना तेवढा शिवी दिल्याचाही येणार नाही. कशात लक्ष घातलंय? कोण बघतंय? लवकरात लवकर म्हणजे दहा मिनिटं की चार दिवस? त्या मॅडमना त्यांच्या साहेबांना जाऊन उत्तर द्यायचंय, त्यांच्याकडे ग्राहकांचे फोन येतायत, आणि हे वाक्य त्या कोणाला पुढे सांगू शकतात का? माझा मेल त्यांना जसाच्या तसा पुढे पाठवता आला असता. सेल्सचा मेल वाचून त्यांच्या हातात जे 9:40 ला होतं तेच 10:30 ला राहिलं.

आणि सगळ्यात वाईट काय माहितीये, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे तेव्हाच होतं! रिफंड देऊ का, याचं उत्तर "आत्ता नको, उद्या 11 पर्यंत थांबा" हेच होतं, लॉग काहीही म्हणो. पण आमच्याकडे सगळे प्रश्न एका गोणीत भरतात, दोनांचं उत्तर नाही म्हणून तिसऱ्यालाही गप्प. क्लायंटचा मेल आला की आधी प्रश्न वेगळे करा रे, कशाचं उत्तर आत्ता आहे, कशाचं दोन तासांत मिळेल, कशाचं उद्याशिवाय मिळणारच नाही. पाच मिनिटांचं काम आहे ते.

बॅकएंडवाल्याने यादी 11:30 ला दिली. 61 ऑर्डर. गेटवेकडून, म्हणजे आमच्या आणि बँकेच्या मधल्या पेमेंट सिस्टमकडून, उत्तर यायला उशीर झाला की आमची सिस्टम परत रिक्वेस्ट पाठवत होती, आणि ती नव्या आयडीने पाठवत होती, म्हणून गेटवेला ती नवीन खरेदी वाटत होती. ठीक आहे, बग सापडला. म्हटलं आता तरी यादी पाठवू. नाही! म्हणे आता उद्याची फाइलच येऊ दे, मग एकदमच सांगू, सारखे सारखे मेल कशाला.

1:15 ला मॅडमचा दुसरा मेल, "काही कळलं का?" उत्तर नाही. 2:30 ला त्यांच्या साहेबांचा फोन थेट आमच्या मॅनेजरच्या वरच्यांना. तिथे आमच्याकडून काय सांगितलं गेलं, तर "आजच्या दिवसात कळवतो". आता उद्याच्या आत पक्कं कळणं शक्यच नाही हे माहीत असताना आजचा शब्द दिला! आणि आजचा दिवस म्हणजे कोणाचा दिवस? त्यांचं ऑफिस 5 ला बंद होतं, आमचं 7 ला. ही ईओडी म्हणजे दिवसअखेर, आज, या आठवड्यात वगैरे भाषा बंद करा, घड्याळातली वेळ लिहा.

वेळ देताना सगळे घाबरतात ते एकाच कारणाने, त्यांना वाटतं वेळ दिली म्हणजे त्या वेळेला उत्तर द्यावंच लागेल. नाही हो. तुम्ही उत्तराची वेळ देत नाही, पुढच्या मेलची वेळ देताय. लॉग कधी संपतील ते तुमच्या हातात नाही पण 12 वाजता मेल पाठवणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. 12 ला यादी झाली नसेल तर 12 लाच लिहायचं की यादी अजून चालू आहे, रात्री 10 पर्यंतच्या ऑर्डर झाल्यात, बाकीच्या व्हायला 1 वाजेल, 1 ला परत लिहिते. असं लिहिलं की कोणी वरच्यांना फोन करत नाही, करतात ते 12 वाजून गेल्यावरही काही आलं नाही की. आणि म्हणूनच काम करणाऱ्याला विचारल्याशिवाय वेळ द्यायची नाही, स्वतःच्या मनाने तर अजिबात नाही.

तर पुढे काय झालं ते ऐका. संध्याकाळी 4 पर्यंत आमच्याकडून काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच रिफंड द्यायला सुरुवात केली. मी त्यांना दोष देणारच नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, ग्राहक ओरडतोय आणि पुरवठादार गप्प आहे. त्यांनी 22 ऑर्डरचे रिफंड केले.

बुधवारी 9 ला फाइल आली, पाऊण तासात जुळवून झाली. 61 पैकी 57 ऑर्डरचे पैसे एकदाच कापले गेले होते, दुसरी रक्कम नुसती अडकलेली. खरोखर दोनदा कापलेल्या फक्त 4. आणि त्यांनी दिलेल्या 22 रिफंडपैकी त्या 4 मधल्या किती होत्या? 2. म्हणजे उरलेल्या 20 ग्राहकांचे खरे पैसे परत गेले, अडकलेलेही सुटणार, आणि माल तर घरी जाणार. 20 ऑर्डर फुकट. आता त्या मॅडम एकेका ग्राहकाला फोन करून सांगतायत की तुमचे पैसे चुकून परत आलेत, कृपया पुन्हा भरा. कालपर्यंत ज्यांना "तुमचे पैसे देतो" म्हणाल्या त्यांनाच. त्या बाईंची यात काय चूक होती, सांगा मला? त्यांनी 9:40 ला नीट विचारलं होतं, रिफंड देऊ का. विचारलं होतं!!

आज रिव्ह्यू मीटिंग झाली. अहवालात कारणाच्या रकान्यात लिहिलं, "गेटवे टाइमआउट", म्हणजे गेटवेचं उत्तर वेळेत आलं नाही. मी म्हटलं टाइमआउटने 4 ऑर्डरचे पैसे दोनदा गेले, ते परत देता येतात, पण त्या 20 ऑर्डर आपण सकाळी 10 ते संध्याकाळी 4 गप्प बसलो म्हणून गेल्या, तेही त्याच रकान्यात लिहा. तर उत्तर मिळालं की ते टेक्निकल कारण नाही, इथे नाही बसत.

माझा 10 वाजताचा ड्राफ्ट अजून तसाच पडलाय. मी तो अहवालाला जोडून पाठवलाय सगळ्यांना, लिहिलेल्या वेळेसकट.